विडीवरचा कर उतरला आहे, आता गप्प बसू नका



१ फेब्रुवारी २०२६ पासून देशात विडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी सिगारेटवरचा जीएसटी ४० टक्के झाला आणि वर लांबीप्रमाणे दर हजारी २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क लागले. म्हणजे एकाच दिवशी एका धुरावरचा कर चढला आणि दुसऱ्यावरचा उतरला. विडी ज्याच्यात गुंडाळतात त्या तेंदूपानावरचा कर तर त्याआधीच, सप्टेंबर २०२५ मध्ये, १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला होता. कारण म्हणून दोन गोष्टी बोलल्या जातात. विडी गरीब माणूस ओढतो, आणि विडी वळणाऱ्या बायांचे पोट तिच्यावर आहे.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही निर्णय चुकीचा आहे, आणि तो बदलून घेण्यासाठी तुम्ही येत्या काही आठवड्यांत एक पत्र लिहावे, एक ठराव मांडावा, एवढ्यासाठी हे आवाहन आहे. पण त्याआधी कराचा हिशेब समजून घ्या. तो समजला नाही तर ‘गरिबांवर कर कशाला?’ या एका प्रश्नावर तुमचे पत्र अडेल.

कर कोणाला किती जड जातो हे त्याच्या दरावरून कळत नाही. तो माणसाच्या कमाईचा कितवा हिस्सा खातो हे पाहावे लागते. कमाई वाढते तसा हा हिस्साही वाढत गेला तर तो प्रगतिशील कर. आपला प्राप्तिकर तसा आहे. नव्या पद्धतीत १६ लाख करपात्र उत्पन्नावर १ लाख २० हजार, म्हणजे साडेसात टक्के कर बसतो, तर २४ लाखांवर ३ लाख, म्हणजे साडेबारा टक्के. (उपकर वेगळा.) कमाई कितीही असली तरी हिस्सा तेवढाच राहिला तर तो प्रमाणशीर कर. आणि कमाई जितकी कमी तितका हिस्सा मोठा, असे झाले की तो प्रतिगामी.

प्रतिगामी कराचे उदाहरण शोधायला दूर जायला नको, तुमच्या पगारपत्रकातच आहे. महाराष्ट्रात दरमहा १० हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर द्यावा लागतो. महिन्याला २००, आणि फेब्रुवारीत ३००. राज्यघटनेनेच याची कमाल मर्यादा २,५०० ठरवली आहे. त्यामुळे १२ हजार पगाराचा सुरक्षारक्षक आपल्या वर्षाच्या कमाईचे पावणेदोन टक्के देतो आणि ३ लाख पगाराचा त्याचा साहेब एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. गंमत अशी की हा कर १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे गरिबांच्याच कामासाठी, बसवला गेला. हेतू चांगला असला म्हणून कराची जात बदलत नाही.

जीएसटी दिसायला प्रमाणशीर दिसतो. साबणाच्या वडीवर मुकादमाला आणि मालकाला सारखाच दर. पण ज्याची सारी कमाई महिनाअखेर खर्च होते त्याच्या सगळ्या कमाईवर तो लागतो, आणि ज्याची निम्मी शिल्लक पडते त्याच्या निम्म्यावरच. म्हणून वस्तूंवरचे बहुतेक कर कमाईशी ताडून पाहिले की प्रतिगामी निघतात. तंबाखूवरचा करही पहिल्या नजरेला तसाच आहे, आणि हे लपवण्यात अर्थ नाही.

आता विडीचे गणित मांडू. आकडे हिशेबाला सोपे असे धरले आहेत, तुमच्या गावच्या टपरीवरचा भाव घालून तुम्ही ते बदलू शकता. समजा विडीचे एक बंडल २५ रुपयांना मिळते. १८ टक्के दराने त्यात सरकारचे जेमतेम ३ रुपये ८० पैसे आहेत. दर २८ टक्केच राहिला असता तर तेच बंडल सुमारे २७ रुपयांना पडले असते. रोज एक बंडल ओढणारा, १२ हजार कमावणारा मजूर महिन्याला ७५० रुपये विडीवर घालवतो, कमाईच्या सहा टक्क्यांहून जास्त. त्यातला कर ११४ रुपये, म्हणजे जवळजवळ एक टक्का. तीच विडी १ लाख २० हजारवाल्याने ओढली तर त्याच्या कमाईतला कराचा हिस्सा एक दशांश टक्का. प्रतिगामी कराची व्याख्या पाठ करायची गरजच उरत नाही.

इथपर्यंतचा हिशेब विडी कंपन्याही आनंदाने मांडतात. त्या पुढे जात नाहीत, कारण पुढच्या हिशेबात माणूस ओढायची विडी कमी करतो. हे कमी करणेच या कराच्या मुळाशी आहे, आणि त्यासाठी मला १९०२ साली जावे लागेल.

त्या वर्षी मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. फर्ग्युसन कॉलेजात शिकवत आलेला हा माणूस आकडे घेऊनच उभा राहिला होता. तिजोरीत शिल्लक पडत असताना मिठावर मणामागे अडीच रुपये कर कशाला, हा त्यांचा मुद्दा होता. मीठ राजाही खातो आणि भिकारीही, आणि भिकारी काही कमी खाऊ शकत नाही, म्हणून हा कर सर्वांत गरिबाला सर्वांत जड. पण आणखी एक धागा त्यात होता. कर चढला की गरीब माणूस मिठाचा वापर कमी करतो, आणि शरीराला ते हवेच असते. १९०३ मध्ये सरकारने कर दोन रुपयांवर आणला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एका रुपयावर. मिठाचा खप वाढला.

आता हाच नियम विडीला लावा. किंमत चढली की गरीब वापर कमी करतो, आणि श्रीमंतापेक्षा जास्त कमी करतो, कारण त्याच्या खिशाला ती चढ जाणवते. मिठाच्या बाबतीत ही वाईट बातमी होती. विडीच्या बाबतीत हीच चांगली बातमी आहे. गरिबाच्या वापरावर सर्वाधिक परिणाम होतो म्हणून मिठावरचा कर जुलमी आणि त्याच कारणासाठी तंबाखूवरचा कर उपयोगी. फरक वस्तूत आहे, करात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ अंदाज असा की आपल्यासारख्या देशात तंबाखूची किंमत दहा टक्क्यांनी वाढली तर वापर साधारण पाच टक्क्यांनी घटतो, आणि गरिबांत व तरुणांत त्याहून जास्त. एका वस्तीत शंभर विडी ओढणारे आहेत असे धरा, सगळे १२ हजार कमावणारे. महिन्याला ३,००० बंडले, खर्च ७५ हजार, सरकारला कर सुमारे ११,४००. आता कर एवढा वाढवला की बंडल ३५ रुपयांना झाले, म्हणजे चाळीस टक्क्यांची वाढ. ढोबळ अंदाजाप्रमाणे वापर वीस टक्क्यांनी घटून २,४०० बंडलांवर येईल. वस्तीचा खर्च ८४ हजार होईल आणि सरकारला ३३ हजार मिळतील. विडी पाचव्या हिश्शाने कमी, महसूल जवळजवळ तिप्पट. मात्र वस्तीच्या खिशातून महिन्याला ९ हजार रुपये जास्त गेले, हेही तितकेच खरे.

पण गरिबांचा प्रतिसाद जास्त तीव्र असेल, समजा वापर छत्तीस टक्क्यांनी घटला, तर? १,९२० बंडले, खर्च ६७,२००. आता वस्तीचा विडीवरचा खर्चच आधीपेक्षा ७,८०० रुपयांनी उतरला, आणि तरीही सरकारला २६ हजारांवर मिळाले, आधीच्या दुपटीहून जास्त. यात दवाखान्याचा, बुडालेल्या रोजीचा, तोंडाच्या आणि फुप्फुसाच्या आजारांवर विकलेल्या दागिन्यांचा हिशेब मी धरलेलाच नाही. तो धरला की पहिल्या, कमी अनुकूल आकड्यांतही पारडे वस्तीच्या बाजूने झुकण्याची शक्यता वाढते. शिवाय ३५ रुपयांच्या बंडलातही कराचा हिस्सा चाळीस टक्क्यांच्या आतच राहतो. जागतिक आरोग्य संघटना किरकोळ किमतीच्या किमान पाऊण हिस्सा कर असावा असे सांगते.

एक गोष्ट या गणिताने सुटत नाही. जो सोडू शकत नाही, तो जास्त गरीब होतो. रोज एक बंडल ओढत राहिलेल्या माणसाला महिन्याला ३०० रुपये जादा लागतील, कमाईचे अडीच टक्के. हे पैसे त्याच्यापर्यंत परत यायलाच हवेत: तंबाखू सोडवणारे समुपदेशन त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, फुकट औषधे, तोंडाची तपासणी. कर वाढवा आणि महसूल कुठेही खर्च करा, अशी मागणी आम्ही करत नाही.

आणि विडी वळणाऱ्या बाया? सोलापुरात, सिन्नरला, कामठीत, गोंदिया-भंडाऱ्यात हे काम आहे. तेंदूपान कापायचे, जर्दा भरायचा, वळायचे, दोऱ्याने बांधायचे. मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते आणि वाईट वळली म्हणून कारखान्यात काढून टाकलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. हजारी दर ठरतो तो किमान वेतनाने आणि संघटनेच्या जोरावर. त्या दराला जीएसटी १८ आहे की २८ हे माहीतही नसते. कर उतरल्यावर सुटलेले दोन रुपये एकतर गिऱ्हाईकाला जातील किंवा कंपनीला. बाईच्या परडीत ते पडतील असा कोणताही नियम नाही.

उलट तिच्या हक्काचे जे होते ते गेले. १९७६ च्या कायद्याने विडीवर एक छोटा कल्याण उपकर होता. त्यातून विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत चालत असे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत विडी कामगार बायकांनी लढून उभी केली. अशा गोष्टींना पैसा लागतो आणि तो विडीवरच्या करातूनच येणे सर्वांत न्याय्य आहे. या बायकांच्या नावाने करसवलत मागणाऱ्यांनी २०१७ मध्ये उपकर जाताना कितीसा आवाज केला, हे त्यांना विचारून पाहा.

विडीवर बोलताना महाराष्ट्राचे वेगळेपण विसरून चालणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, पण धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सारे चघळणारे आणि लावणारे: तंबाखू-चुना, मावा, विदर्भातला खर्रा, बायकांची मिश्री. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. टपरीवर घोटलेला खर्रा पुडीत बांधून देतात, त्याला ना छापील किंमत ना पावती. म्हणून नुसता विडीचा कर वाढवून भागत नाही. एक महागली की माणूस शेजारच्या स्वस्त वस्तूकडे वळतो, आणि कराचा सगळा खटाटोप फुकट जातो. सुट्या विक्रीचेही तसेच. राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि विडी विकायला बंदी घातली. कारण साधे आहे: पाकिटामागे वीस रुपये वाढले तर डोळ्यांत भरते, कांडीमागे एक-दोन रुपये वाढले तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. तुमच्या कोपऱ्यावर सुटी कांडी आणि शेजारी दोरीला बांधलेला लायटर दिसत असेल तर कर कितीही वाढवा, तो पोरांपर्यंत पोचणार नाही.

दारूची गोष्ट थोडी निराळी आहे आणि ती पूर्णपणे आपल्या राज्याच्या हातात आहे. पिण्याची दारू घटनेनेच जीएसटीबाहेर ठेवली आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवरचे उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि देशीवरचे प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये. देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. वर्षाला १४ हजार कोटी जादा महसुलाचा अंदाज सांगितला गेला.

यात एक बारकावा आहे. प्रूफ लिटर म्हणजे दारूत असलेल्या मद्यार्काचे माप. देशीवरचा कर या मापाने बसतो, म्हणजे यकृताला जे बाधते त्यावरच. विदेशीवरचा मात्र निर्मितीमूल्याच्या पटीत, म्हणजे ब्रँड जितका स्वस्त तितका बाटलीमागे कर कमी, मद्यार्क तेवढाच असला तरी. महागड्या बाटलीवर जास्त कर हे न्याय्य वाटते, पण पिणाऱ्याला स्वस्ताकडे ढकलणारा तो कर आहे. किमान किंमत ही त्याला घातलेली कड आहे, आणि ती दरवर्षी मजुरीबरोबर वाढली नाही तर दोन वर्षांत बोथट होईल.

दारूवर कर वाढवायला मर्यादा आहे हेही सांगायला हवे. रोज एक क्वार्टर घेणारा ८० रुपयांच्या दराने महिन्याला २,४०० रुपये घालवतो, १२ हजारांतले वीस टक्के. भाव आणखी चढला आणि गावात हातभट्टी असली तर तो तिकडे जातो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. हातभट्टी आणि चोरटी वाहतूक बंद ठेवण्याची ताकद नसताना कर वाढवणे धोक्याचे आहे. आणि सरकार या पैशाला चटावते. मे २०२० मध्ये टाळेबंदी असतानाही राज्याराज्यांतून दारूची दुकाने उघडायची घाई झाली, ती तिजोरीमुळेच. याला पर्याय म्हणून सरसकट दारूबंदी सुचवणाऱ्यांनी मद्रास प्रांताचा अनुभव पाहावा. १९३९ मध्ये राजाजींच्या सरकारने दारूबंदीमुळे बुडणारा महसूल भरून काढायला सर्वसाधारण विक्रीकर आणला. दारू पिणाऱ्याचा कर न पिणाऱ्याच्या तेल-कापडावर गेला. पुढे तोच विक्रीकर इतर प्रांतांनीही उचलला.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. विडीवरचा जीएसटी सिगारेटइतका, ४० टक्के करावा. त्यातून विडी कामगारांच्या कल्याणासाठी कायद्याने ठरलेला हिस्सा बाजूला काढावा, २०१७ पूर्वीसारखा, पण मोठा. तंबाखू सोडवण्याची सेवा आरोग्य केंद्रात मोफत मिळावी. सुट्या विक्रीवरची बंदी कागदावरून टपरीवर यावी. देशी-विदेशी दोन्ही दारूंवरचा कर मद्यार्काच्या प्रमाणात असावा आणि किमान किंमत दरवर्षी फेरतपासावी.

हे कोणाकडे मागायचे? जीएसटी परिषदेत केंद्राकडे एक तृतीयांश मते आहेत आणि सर्व राज्यांकडे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्र एकटे काही करू शकत नाही आणि महाराष्ट्राचा आवाज तिथे पोचतो. परिषदेत राज्याचे अर्थखात्याचे किंवा राज्याने नेमलेले दुसरे मंत्री बसतात. पत्र त्यांच्या कार्यालयाला लिहा, प्रत तुमच्या आमदाराला आणि खासदाराला द्या. पत्रात आकडे घाला: तुमच्या वस्तीत विडीचे बंडल कितीला मिळते, फेब्रुवारीआधी कितीला मिळत होते, सुटी विक्री कोणत्या नाक्यावर होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला भाव कोणत्याही निवेदनातल्या विशेषणापेक्षा जड असतो.

ग्रामसभेत ठराव मांडा, आणि विडी वळणाऱ्या बायांना बोलवून त्यांच्या सहीने मांडा. त्यांना न विचारता त्यांच्या रोजगाराबद्दल बोलू नका. शहरात असाल तर वॉर्डातल्या शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूची विक्री होते का ते पाहा. कायद्याने ती बंद आहे आणि तक्रार करायला कर वाढायची वाट पाहावी लागत नाही. पत्रे पोचती झाली की त्यांच्या पोचपावत्या जपून ठेवा. परिषदेची पुढची बैठक जाहीर झाली की त्याच पावत्यांचा क्रमांक घालून स्मरणपत्र पाठवायचे आहे.